पिवळं पॅडल, लाल कार्ड: वॉकिंगच्या शर्यतीत पहिल्यांदा उतरताना

आपल्याकडे तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या मैदानी स्पर्धेत वॉकिंगसाठी नाव देणारी बहुतेक पोरं मुळात पळणारी असतात. 1500 किंवा 3000 मीटरमध्ये नंबर लागला नाही की गुरुजी म्हणतात, "वॉकिंगला टाक नाव, तिथं पोट्टे कमी असतात." ते खरंही आहे. पण पळणाऱ्याचे पाय चालायला लागले की पंचांच्या कागदावर कार्डं पडायला लागतात, आणि शर्यत संपल्यावर तेच एक वाक्य ऐकू येतं: "सर, मले पिवळं दाखवलं होतं, मंग लाल कवा आलं?" या एका प्रश्नाचं उत्तर नीट समजलं तर वॉकिंगचे निम्मे नियम समजले. म्हणून हा लेख दोनच गोष्टींबद्दल आहे. पंच नेमकं काय बघतात, आणि ते बघून झाल्यावर काय करतात.

आधी दोन दोष ओळखा

नियमात अटी दोनच आहेत. पहिली, जमिनीशी संपर्क डोळ्यांना दिसेल असा तुटता कामा नये. म्हणजे पुढचा पाय टेकण्याआधी मागचा उचलला गेला आणि दोन्ही पाय हवेत असल्याचं पंचांना दिसलं, तर तो दोष. मैदानावर याला सगळे ‘कॉन्टॅक्ट’ म्हणतात. दुसरी अट, पुढे टाकलेला पाय जमिनीला टेकल्या क्षणापासून शरीर त्या पायावर सरळ उभं येईपर्यंत गुडघ्यात सरळ राहिला पाहिजे. हा दोष झाला की ‘नी बेंड’.

दुसऱ्या अटीतले दोन शब्द नीट वाचा: ‘टेकल्या क्षणापासून’. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत नियम सैल होता. शरीर पायावर सरळ येताना गुडघा एकदा सरळ दिसला की चालायचं. आजही काही जुनी मंडळी पोरांना तेच शिकवतात: "मधात एकदा पाय ताठ कर, झालं." आता ते चालत नाही. टाच टेकतानाच गुडघा ताठ हवा. शरीर पायावरून पुढे गेलं की मात्र गुडघा खुशाल वाकवा. हवेतून पुढे येणारा पाय वाकलेला असतो, त्याला कुणी काही म्हणत नाही. पंचांची नजर फक्त मधल्या तुकड्यावर असते, टाच टेकण्यापासून नितंब टाचेच्या वर येईपर्यंत.

कॉन्टॅक्टच्या नियमात ‘डोळ्यांना दिसेल असा’ हे शब्द मुद्दाम घातलेले आहेत. मोठ्या स्पर्धेतल्या जवळपास प्रत्येक वेगवान चालणाऱ्याचे पाय प्रत्येक पावलाला क्षणभर हवेत असतात. कॅमेऱ्यात ते दिसतं, डोळ्यांना दिसत नाही. अभ्यासकांच्या मोजमापात साधारण 40 ते 45 मिलिसेकंदांपर्यंतची उडी माणसाच्या नजरेतून सुटते. नियमात मात्र असा कुठलाही आकडा लिहिलेला नाही, त्यामुळे पंचांशी आकड्यांवरून वाद घालायची सोय नाही. त्यांना दिसलं, तर दिसलं.

मोबाईलवर स्वतःला बघा

सराव सुरू करायच्या आधी हे करा. दोन जणांत एक स्लो मोशनवाला मोबाईल पुरतो. जिल्हा परिषदेच्या शाळेचं सपाट मैदान असेल तर उत्तम. नसेल तर डांबरी रस्त्याचा असा तुकडा शोधा जिथे रस्ता मधे फुगून कडेला उतरत नाही. कडेच्या उतारावर चालताना एक पाय खाली आणि एक वर पडतो. मग वरच्या बाजूचा गुडघा आपोआप वाकतो आणि आपण उगाच त्या पायाला दोष देत बसतो. उन्हाळ्यात हे काम सकाळी साडेपाच-सहालाच उरका. उन्हानं थकलेल्या पायाचं खरं चित्र मिळत नाही.

मोबाईल ट्रॅकच्या बाजूला, पाच-सहा मीटर दूर आणि गुडघ्याच्या उंचीवर धरा. समोरून किंवा तिरकस काढलेला व्हिडिओ कामाचा नाही, कारण गुडघ्याचा कोन बाजूनेच दिसतो. पंचही त्याच कारणानं तुम्ही बरोबर समोर येण्याची वाट बघतात. शर्यतीच्या वेगानं तीनदा समोरून जा. आधी ताजे असताना, मग एक किलोमीटर चालून झाल्यावर, आणि शेवटी जोर लावून.

व्हिडिओ 240 फ्रेमचा असेल तर एक फ्रेम म्हणजे साधारण 4 मिलिसेकंद, 120 चा असेल तर 8. मागच्या पायाचा अंगठा सुटल्यापासून पुढची टाच टेकेपर्यंत किती फ्रेम जातात ते मोजा. 240 च्या व्हिडिओत पाच-सहा फ्रेम दिसल्या तर घाबरायचं कारण नाही, ते कुणाच्या नजरेत येणार नाही. बारा फ्रेम आल्या तर 50 मिलिसेकंद झाले, पंचांना दिसणार. आठ-दहावर असाल तर ताजे असताना वाचाल, पण शेवटच्या फेरीत जोर लावला की सापडाल.

गुडघ्यासाठी तोच व्हिडिओ टाच टेकण्याच्या फ्रेमवर थांबवा. नितंब, गुडघा आणि घोटा एका रेषेत आहेत का ते बघा. मग एकेक फ्रेम पुढे सरकवत शरीर पायावर येईपर्यंत जा. इथे दोन वेगळे प्रकार दिसतात आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. काहींचा गुडघा टेकतानाच वाकलेला असतो. ही पळण्याची सवय आहे, पाय टाचेवर न पडता पूर्ण तळव्यावर पडतो. चवडा वर उचलून टाच आधी टेकवायला शिकलं की ते सुधारतं. पण हे पायाच्या नळीपुढच्या स्नायूचं काम आहे आणि सुरुवातीला तो आठवडाभर चांगलाच दुखतो. दुसऱ्या काहींचा गुडघा टेकताना सरळ असतो, पण वजन आल्यावर किंचित खचतो. तो थकव्यातून येतो, बहुतेक वेळा शर्यतीच्या दुसऱ्या अर्ध्यात. मांडीच्या मागच्या शिरा आखडलेल्या असल्या की हे लवकर होतं. वावरात दिवसभर वाकून काम केलेल्या पोरांच्या त्या शिरा आखडलेल्याच असतात. अशांनी संध्याकाळी पाय ताणल्याशिवाय सकाळचा सराव करू नये.

एक गोष्ट पुस्तकात सापडत नाही, म्हणून सांगतो. गावाकडच्या मुली बऱ्याचदा पूर्ण लांबीची सैल ट्रॅकपँट घालून उतरतात. पँटचं कापड गुडघ्यावर चुरगळून घडी पडते आणि लांबून गुडघा वाकल्यासारखा वाटतो. पंचांना आतला गुडघा दिसत नाही, घडी दिसते. घरच्यांना आखूड कपडे पसंत नसतील तर पायाला घट्ट बसणारी लांब टाइट्स घाला. अंग झाकलं जातं आणि गुडघाही दिसतो.

पंच काय करतात, क्रमाने

ट्रॅकवरच्या शर्यतीला मुख्य पंच धरून साधारण सहा पंच असतात. रस्त्यावरच्या शर्यतीला सहा ते नऊ. तालुक्याला माणसं कमी पडतात, तिथे मुख्य पंचही कार्ड लिहितात. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ते शेवटचा टप्पा सोडला तर फक्त देखरेख करतात. प्रत्येक पंच स्वतंत्रपणे बघतो. शेजारच्याला विचारत नाही, त्याला कोण खटकलं ते याला माहीत नसतं. तंत्र काही वापरायचं नाही, फक्त डोळे.

पंचाला तुमच्या चालीबद्दल शंका आली, पण खात्री नाही, तेव्हा तो पिवळं पॅडल दाखवतो. ते पुठ्ठ्याच्या किंवा प्लायच्या गोल पाटीसारखं असतं आणि दोन्ही बाजूंना दोषाची खूण असते. आडवी नागमोडी रेष, ~, म्हणजे कॉन्टॅक्ट. कोन, <, म्हणजे नी बेंड. खूण वाचायची सवय लावा. बरीच पोरं नुसता पिवळा रंग बघून दचकतात आणि आपल्याला नेमकं काय सुधारायचं हेच बघत नाहीत.

एक पंच एका खेळाडूला एका दोषासाठी पिवळं एकदाच दाखवू शकतो. म्हणजे एका पंचाकडून जास्तीत जास्त दोन पिवळी, एक ~ आणि एक <. सहाही पंचांनी दोन्ही दाखवली तरी बारा पिवळी होतील आणि तुम्ही तरीही शर्यत पूर्ण करून नंबरात येऊ शकाल. पिवळ्यांची बेरीज होत नाही. दोन पिवळी मिळून एक लाल होतं ही समजूत फुटबॉलमधून आलेली आहे, ती इथे सोडून द्या.

दोष झाला अशी पंचाची खात्री पटली की तो लाल कार्ड लिहितो. हे कार्ड तुम्हाला कुणी दाखवत नाही. ते कागदावर लिहून मुख्य पंचांकडे पाठवलं जातं. आधी पिवळं दाखवलंच पाहिजे असं बंधनही नाही. दोष ढळढळीत असेल तर पंच थेट लाल लिहू शकतो. एक पंच एका खेळाडूला शर्यतभरात एकच लाल देऊ शकतो, दोष कुठलाही असो. तीन वेगवेगळ्या पंचांची लाल कार्डं जमा झाली की खेळाडू बाद, आणि ती तिन्ही एकाच दोषाची असायला हवीत असं नाही. तेव्हा मुख्य पंच लाल पॅडल दाखवतात. ट्रॅकवर असाल तर ताबडतोब बाहेर व्हायचं. रस्त्यावर असाल तर छातीवरचा नंबर काढून मार्ग सोडायचा.

मग आपल्याला किती लाल आली हे कळणार कसं? त्यासाठी मैदानात एक फलक असतो. त्यावर प्रत्येकाच्या नंबरापुढे लाल कार्डांच्या खुणा लावल्या जातात. जिल्ह्याच्या स्पर्धेत तो खडूनं लिहिलेला काळा फळाही असू शकतो. शर्यतीआधी तो कुठल्या बाजूला ठेवलाय ते बघून घ्या आणि दर फेरीला त्याच्यासमोरून जाताना डोळे वळवा. कार्ड लिहिल्यापासून फलकावर यायला वेळ लागतो, त्यामुळे फलक नेहमी थोडा मागे असतो. तुमच्या नंबरापुढे दोन खुणा दिसत असतील तर तिसरं कार्ड कदाचित वाटेत आहे असं धरूनच चाला.

काही स्पर्धांत पेनल्टी झोन ठेवलेला असतो. तिथे तिसऱ्या लाल कार्डाला बाद न करता ठरावीक वेळ झोनमध्ये थांबवतात: 5 किलोमीटरपर्यंतच्या शर्यतीला 30 सेकंद, 10 किलोमीटरला 1 मिनिट, 20 ला 2 मिनिटं. त्यानंतर आणखी एका, म्हणजे चौथ्या पंचाचं लाल आलं की मग बाद. झोन आहे की नाही हे त्या स्पर्धेचे नियम ठरवतात. म्हणून सुरुवातीच्या रेषेवर जाण्याआधी मुख्य पंचांना सरळ विचारा, "सर, पेनल्टी झोन आहे का?" यात लाजण्यासारखं काही नाही, आणि तुमचा शर्यतीचा सगळा डाव या उत्तरावर अवलंबून आहे.

एक शर्यत फेरीफेरीनं

समजा ट्रॅकवर 5000 मीटर आहे, म्हणजे साडेबारा फेऱ्या. सहा पंच आहेत, पेनल्टी झोन आहे. आपला खेळाडू 17 नंबरचा आणि फेरीला 2 मिनिटं 10 सेकंदांनी चालायचं ठरवून आलेला. हिशेबानं तो 27 मिनिटं 5 सेकंदांत पूर्ण करेल.

पहिल्या दोन फेऱ्या तो पुढच्या घोळक्याबरोबर ठरल्यापेक्षा वेगानं गेला. तिसऱ्या फेरीत पहिल्या वळणावरच्या पंचानं ~ दाखवलं. त्यानं वेग थोडा कमी केला, पण ढांग तितकीच लांब ठेवली. पाचव्या फेरीत त्याच पंचाची खात्री पटली आणि त्यानं लाल लिहिलं. 17 ला याचा पत्ता नाही. सहाव्या फेरीच्या शेवटी फलकावर त्याच्यापुढे एक ~ आली.

सातव्या फेरीत समोरच्या सरळ बाजूच्या पंचानं < दाखवलं. आता बघा, दोष बदलला. कॉन्टॅक्टच्या भीतीनं तो पाय लवकर खाली टाकायला लागला, टाचेऐवजी तळवा पडायला लागला आणि गुडघा वाकला. हे नवख्यांत फार होतं. नवव्या फेरीत त्या पंचानं लाल लिहिलं. आता दोन झाली, एक ~ आणि एक <.

दहाव्या फेरीत पहिल्या पंचाला पुन्हा कॉन्टॅक्ट दिसला. त्याच्या हातात आता काहीच नाही. त्याचं लाल देऊन झालंय, ~ चं पिवळंही दाखवून झालंय. < चं पिवळं तो अजून दाखवू शकतो, पण दोष तो नाही. अकराव्या फेरीत आणखी एका पंचानं ~ चं पिवळं दाखवलं. त्यानं कार्डांच्या हिशेबात काही फरक पडत नाही, पण इशारा खरा आहे.

शेवटच्या फेरीत 17 नं पुढच्याला मागे टाकायला जोर लावला. हात छातीच्या वर गेले, खांदे कानांकडे आले, आणि आतापर्यंत गप्प असलेल्या पंचानं पिवळं न दाखवताच ~ चं लाल लिहिलं. तिसरं. तो अंतिम रेषेच्या इतका जवळ होता की झोनमध्ये पाठवायला वेळच नव्हता. अशा वेळी ते 30 सेकंद त्याच्या वेळेत धरले जातात. 27:05 चे 27:35 झाले. झोन नसता तर तो बादच होता, आणि ते त्याला कदाचित अंतिम रेषा ओलांडल्यावर कळलं असतं.

मोठ्यांच्या बाबतीतही हे होतं. 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाची जेन सॅव्हिल महिलांच्या 20 किलोमीटरमध्ये पहिली चालत स्टेडियमच्या बोगद्यापर्यंत आली आणि तिथेच तिला लाल पॅडल दाखवलं गेलं. घरचं स्टेडियम, समोर सुवर्णपदक. तेव्हा झोनची सोय नव्हती.

शेवटच्या 100 मीटरसाठी मुख्य पंचांकडे आणखी एक अधिकार असतो. तिथे कुणी उघडउघड पळायलाच लागला तर आधीची कार्डं शून्य असली तरी ते एकट्याच्या निर्णयानं बाद करू शकतात. अशा वेळी खेळाडूला शर्यत पूर्ण करू देतात आणि लाल पॅडल नंतर दाखवतात. आपल्याकडची पोरं घंटा वाजली की जी सुटतात, ती बरीचशी इथे अडकतात.

पॅडल दिसल्यावर पुढच्या पन्नास पावलांत काय करायचं

~ दिसलं तर ढांग आखडा, पण पावलांचा ठेका तोच ठेवा. पुढे लांब पाय टाकणं थांबवा, मागचा अंगठा जमिनीवर जरा जास्त वेळ राहू द्या. हात खाली घ्या, मूठ छातीच्या मध्याच्या वर जाऊ देऊ नका. डोकं वरखाली होत असेल तर तेही पंचांचं लक्ष वेधतं. नुसता वेग कमी केला आणि ढांग तशीच राहिली तर 17 चं झालं तेच होईल.

< दिसलं तर वेग कमी करून फारसा उपयोग नाही, वाकलेला गुडघा हळू चालतानाही वाकलेलाच दिसतो. चवडा वर उचला, टाच मुद्दाम टेकवा, आणि टेकल्यावर गुडघ्याला मागे ढकलल्यासारखं करा. तो खचण्याचा प्रकार असेल तर थकवा आलाय, मग मात्र फेरीला चार-पाच सेकंद सोडून द्या. माझं मत विचाराल तर नवख्यानं < ला जास्त घाबरावं. कॉन्टॅक्ट शर्यतीत दुरुस्त होतो, गुडघा सरावातच दुरुस्त होतो.

सरावात पंचांची सवय होण्यासाठी तीन मित्रांना मैदानाच्या तीन ठिकाणी उभं करा. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची पॅडल्स पुरतात. एकच अट: तिघांनी एकमेकांशी बोलायचं नाही, आणि लाल कार्ड चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवायचं. दोन किलोमीटर झाल्यावर चिठ्ठ्या काढा आणि व्हिडिओशी ताडून बघा. पंच बनलेल्या पोरांचीही चाल यानं सुधारते असं मी पाहिलंय. दुसऱ्याचा गुडघा बघायला शिकलेला आपला सांभाळतो.

निकाल पटला नाही तर

मित्रानं काढलेला व्हिडिओ घेऊन पंचांकडे धावू नका. निर्णय डोळ्यांनी घ्यायचा असतो, स्लो मोशन दाखवून कार्ड मागे घेतलं जात नाही. विचारण्यासारखं एवढंच आहे: तिन्ही लाल वेगवेगळ्या पंचांची आहेत का, आणि त्यावर लिहिलेला नंबर आपलाच आहे का. घोळक्यात 17 चा 11 होऊ शकतो. मुख्य पंचांकडे सगळ्या पंचांच्या कार्डांचा एकत्र तक्ता असतो, त्यात कुठल्या पंचानं कुणाला किती वाजता काय दिलं ते लिहिलेलं असतं. तो तुमच्या शिक्षकांना घेऊन जाऊन, शांतपणे बघायला मागा. आक्षेप घ्यायचाच असेल तर अधिकृत निकाल जाहीर झाल्यापासून 30 मिनिटांच्या आत, आधी तोंडी, रेफरीकडे. तालुक्याला निकाल कधी माईकवर सांगतात, कधी नुसता कागद चिकटवतात, म्हणून तो कधी लागला ती वेळ स्वतः लिहून ठेवा.